वकीलीणबाईचे ब्याऐंशी टक्के

बसच्या बॉड्या बांधणाऱ्या एका कारखान्यात सीटा शिवणारी एक बाई होती. तिला सगळे वकीलीणबाई म्हणत. वकिली सोडाच, कॉलेजचं फाटकसुद्धा तिने आतून बघितलेलं नव्हतं. नाव पडलं ते जिभेमुळे. कुणाचा ओव्हरटाइम बुडाला, कुणाची रजा कापली, की बाई मशीन बंद करायची, अंगावरचे फोमचे कण झटकायची आणि ऑफिसच्या दिशेने चालायला लागायची. ऑफिसातला क्लार्क तिला काचेतून येताना बघायचा आणि ती दारात पोचायच्या आत फाइल शोधायला लागायचा.

असल्या माणसाच्या गळ्यात युनियनने विम्याचं काम घातलं, यात नवल काही नाही. ते काम दुसऱ्या कुणाला नकोच होतं. कारखान्याचा एकच मोठा विमा होता, सगळ्या कामगारांचा मिळून. त्यात नवरा-बायको, पोरं आणि आईवडील. निम्मा हप्ता मालक भरायचा, निम्मा पगारातून कापला जायचा. हॉस्पिटलातून कुणाचा फोन आला, "बाई, इथं काउंटरवर म्हणतात कार्ड चालत नाही," की वकीलीणबाईने तिथल्या माणसाला फोनवरच सोलून काढायचं, एवढंच ते काम. आणि ते तिला छान जमायचं.

एकदा तिचा नवरा ऑपरेशनसाठी उपाशीपोटी बाकावर बसून राहिला होता. विमा कंपनीची मंजुरी वेळेत आली नाही, म्हणून दिवसभर ताटकळला आणि संध्याकाळी तसाच परत आला. त्यानंतर तिने सगळ्यांना एक शिस्त लावली. डॉक्टरने नुसतं म्हटलं, "बहुतेक ॲडमिट करावं लागेल," की त्याच दिवशी कॅशलेसचा अर्ज टाकायचा. मंजुरी आधी खिशात, ॲडमिट व्हायचं की नाही ते मागाहून. "मंजुरी काढून ठेवायला काय जातं रे तुझ्या बापाचं?" असं ती म्हणायची. तेव्हापासून कारखान्यातला एकही माणूस काउंटरवर अडकला नाही. तिला याचा फार अभिमान होता, आणि तो तिने कधी लपवलाही नाही.

त्या वर्षी विम्याचं नूतनीकरण जवळ आलं, तेव्हा कॅन्टीनमध्ये कुजबुज सुरू झाली. शेजारच्या कारखान्यात हप्ता वाढला होता, आईवडील वगळले होते. सगळ्यांत जास्त घाबरला होता वेल्डर. त्याच्या आईची किडनी गेलेली. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. गडी मास्क वर करून सारखा तिच्या मशीनपाशी येऊन उभा राहायचा.

"ताई, आईचं नाव राहील ना?"

"राहील रे बाबा. मी मेलेय का?"

आणि मग तिने स्वतः हिशेब केला. विमा कंपन्या एकाच गोष्टीकडे बघतात हे तिला कळलं होतं: हप्त्याच्या शंभर रुपयांतले किती क्लेममध्ये गेले. त्याला क्लेम रेशो म्हणतात. ब्रोकरकडून तिने आकडे मागवले. वर्षाचे दहा महिने झाले होते. कंपनीने क्लेमपोटी चुकते केले होते अठ्ठ्याण्णव लाख. वर्षाचा हप्ता एकशे वीस लाख. मोबाइलवर भागाकार केला, आले ब्याऐंशी.

कॅन्टीनमध्ये ती बाकावर उभी राहिली. "ब्याऐंशी टक्के! शंभर घेतले, ब्याऐंशी दिले. म्हणजे अठरा रुपये त्यांनी गिळले. असल्या धंद्यात कुणी हप्ता वाढवतं का? एक पैसा वाढू देणार नाही, आणि कुणाच्या आईबापाचं नाव काढू देणार नाही. लिहून घ्या!"

टाळ्या पडल्या. वेल्डरने तिच्यासाठी चहा आणला, तोही साखर जास्त घालून.

पुढच्याच आठवड्यात ब्रोकर आला. कंपनी आणि कारखाना यांच्यामध्ये बसून दर ठरवून देणारा हा माणूस, पन्नाशीचा, सदा घामेजलेला, सदा माफी मागितल्यासारखा बोलणारा. त्याने दर सांगितला: सत्तर टक्के वाढ. बरं, मालकाने आधीच कळवून टाकलं होतं, आमचा वाटा आहे तेवढाच राहील. म्हणजे वाढलेलं सगळं कामगारांच्या पगारातून.

"सत्तर?" वकीलीणबाई म्हणाली. "ब्याऐंशी टक्क्यांवर सत्तर वाढ? अहो, हा दरोडा आहे!"

ब्रोकरने तोंड पुसलं. "बाई, ब्याऐंशी कुठून आले? त्यांच्या कागदावर एकशे एकतीस आहेत."

ती हसली. खोटारड्याला हसतात तशी. "न्या मला तिथं. त्यांच्या तोंडावर विचारते."

त्याने नेलं. विमा कंपनीचं ऑफिस म्हणजे एक लांबलचक हॉल, एसीची थंडी, रांगेने टेबलं आणि प्रत्येक टेबलावर कुणाचा तरी अर्धा राहिलेला डबा. कारखान्याच्या फायलीवर दर ठरवणारी, म्हणजे तिकडच्या भाषेत अंडररायटर, सर्दीने बेजार झालेली तिशीतली बाई निघाली. रुमाल हातात, नाक लाल. वकीलीणबाईने तिच्यावर तोफ डागली. ती मुकाट्याने ऐकून घेत राहिली. मग नाक शिंकरून म्हणाली, "ताई, तुम्ही चुकते झालेले क्लेम धरलेत. जे अजून चुकते व्हायचेत ते?"

"कुठले?"

"तुमच्या लोकांनी मंजुरी घेतलीय, बिल यायचंय. आम्ही तेवढी रक्कम बाजूला काढून ठेवतो. आम्ही त्याला आउटस्टँडिंग म्हणतो. तेहतीस लाख. अठ्ठ्याण्णव आणि तेहतीस, झाले एकशे एकतीस."

वकीलीणबाईने मोबाइलवर बेरीज करून बघितली, बरोबर होती. पण पडती बाजू घेणं तिच्या रक्तात नव्हतं. "बरं. एकशे एकतीस भागिले एकशे वीस. तरी एकशे नऊ होतात. एकशे एकतीस टक्के कुठले?"

"एकशे वीस वर्षभराचे ना? वर्षाचे दोन महिने अजून जायचेत. त्या दोन महिन्यांचे पैसे आम्ही अजून कमावलेच नाहीत. उद्यापासून त्यांतून तुमच्या लोकांची बिलं भरायचीत आम्हाला. दहा महिन्यांचे क्लेम दहाच महिन्यांच्या हप्त्याशी लावायचे. दहा महिन्यांचे शंभर." तिने खाकरून घसा साफ केला. "दहा महिन्यांच्या जेवणाचा खर्च बारा महिन्यांनी भागलात, तर जेवण स्वस्तच दिसणार ना."

ब्रोकर खिडकीबाहेर बघत होता. त्याला हे ठाऊक होतं, आणि त्याने ते आधी सांगितलं नव्हतं. हे वकीलीणबाईला नंतर आठवलं. त्या क्षणी फक्त कान तापले. कॅन्टीनचा बाक, त्यावर उभी असलेली ती आणि समोर टाळ्या वाजवणारे हात, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं.

"आणि सत्तर?" तिने विचारलं. आवाज खाली आला होता.

"शंभर घेतले तर पंच्याऐंशीच्या आत क्लेम बसावेत असं आमचं गणित असतं. उरलेल्यात पगार, भाडं, हॉस्पिटलांशी बोलणारी माणसं, ब्रोकरचं कमिशन." ब्रोकर खोकला. "वर हॉस्पिटलांचे दर दरवर्षी दहाएक टक्क्यांनी वाढतात. यंदा एकशे एकतीस, म्हणजे पुढच्या वर्षी एकशे चव्वेचाळीस. ते पंच्याऐंशीत बसवायचे तर हप्ता सत्तर टक्क्यांनी वर. मी माझ्या मनाने नाही लावला हो. मला तर वरून विचारतात, हा गट ठेवायचाच कशाला? आईवडिलांचे क्लेम सगळीकडेच अंगावर आलेत. यंदापासून को-पेशिवाय आईवडिलांचा विमा आम्ही कुणालाच देत नाही."

"को-पे म्हणजे बिलाचा तुकडा आमच्या गळ्यात."

"हो," ती म्हणाली आणि परत शिंकली. खोटं बोलली असती तर वकीलीणबाईला बरं वाटलं असतं. निदान भांडता तरी आलं असतं.

निघताना तिने तेहतीस लाखांचा तपशील मागितला. हट्टाने मागितला. हरताना काहीतरी हातात हवं असतं, म्हणून. ब्रोकरने तो दुसऱ्या दिवशी पाठवला. वकीलीणबाई जेवणाच्या सुट्टीत कापडाच्या गठ्ठ्यावर बसून वाचायला लागली, आणि तिचा घास तोंडातच राहिला.

फिटरची बायको, पित्ताशयाचं ऑपरेशन. ती तर गोळ्यांवर बरी झाली होती, ॲडमिट झालीच नव्हती. पेंटरचा मुलगा, दोन हॉस्पिटलांतून दोन मंजुऱ्या. ऑपरेशन एकीकडेच झालेलं, दुसरीकडची मंजुरी तशीच उघडी. स्टोअरकीपरचा गुडघा, त्याने ऐनवेळी भिऊन रद्द केलेला. हॉस्पिटलं अंदाज देताना हात राखून देत नाहीत, चढवूनच देतात. कंपनीने तेवढे पैसे बाजूला काढायचे, आणि रद्द झालं म्हणून कुणी कळवायचं नाही. का कळवायचं? वकीलीणबाईने मंजुरी काढायला शिकवलं होतं, सोडायला शिकवलंच नव्हतं.

तिने डबा बंद केला.  उठली.

त्यानंतर ती एकेकाच्या मागे लागली. पेंटशॉपमध्ये, फिटिंगमध्ये, गेटवर, पगाराच्या रांगेत. "तुझ्या बायकोचं ऑपरेशन झालं का? नाही ना? मग हॉस्पिटलातून रद्द केल्याचं लिहून आण. आत्ता. उद्या नाही." लोक वैतागले. हॉस्पिटलांच्या काउंटरवरची माणसं त्याहून जास्त. जे झालंच नाही ते झालं नाही असं लिहून द्यायला कुणाला वेळ असतो? पेंटर म्हणाला, "वकीलीणबाई, आधी काढा म्हणायच्या, आता मोडा म्हणता. आमचं डोकं म्हणजे काय फिरता पंखा?"

"माझंच डोकं फिरलं होतं," ती म्हणाली. पेंटर चमकला. तिच्या तोंडून असलं काही त्याने ऐकलं नव्हतं. पण पुढे बोलण्याइतका दम तिच्यात राहिला नव्हता. ती पुढच्याकडे गेली.

घरी नवरा म्हणाला, "सोड ना. तुला कुणी पगार देतं का याचा?"

"तुझ्यामुळेच सगळं सुरू झालं," ती म्हणाली.

"मी काय केलं? मी नुसता उपाशी बसलो होतो."

तिला हसू आलं. पण हसायलाही ताकद लागते. ती भिंतीला टेकून तशीच डोळे मिटून बसली.

कागद गोळा झाले तेव्हा तेहतीस लाखांतले पंधरा लाख हवेतले निघाले. सर्दी बरी झालेल्या अंडररायटरने ते तपासले आणि मानही डोलावली. अठ्ठ्याण्णव आणि अठरा, एकशे सोळा. "चांगलं काम केलंत, ताई. सत्तरचे पन्नास होतील."

"पन्नास?" तिला वाटलं होतं, एवढं केल्यावर वाढ पुसूनच जाईल. पण उरलेले एकशे सोळा खरे होते. खरी ऑपरेशनं, खरी डायलिसिसं, खरे म्हातारे. त्यांना कुठल्या काउंटरवरून रद्द करून आणायचं?

अंडररायटरने तीन वाटा ठेवल्या. आहे तसा विमा, पन्नास टक्के वाढ. हा दर तिने वरून खास मागून घेतला होता आणि पुढच्या वर्षी तोही मिळणार नव्हता. किंवा आईवडील विम्यात, पण त्यांच्या प्रत्येक बिलाचा पाचवा हिस्सा मुलाने भरायचा आणि हॉस्पिटलच्या खोलीच्या भाड्याला मर्यादा. वाढ सत्तावीस टक्के. किंवा आईवडील बाहेर. तसं केलं तर हप्ता वाढायचं सोडा, उलटा खूप खाली येत होता, कारण शंभरातले साठ क्लेम त्यांचेच होते.

"तिसरी वाट कुणाला सांगू नका," वकीलीणबाई ब्रोकरला म्हणाली.

"मालकाला सांगून झालीय," ब्रोकर म्हणाला आणि पुन्हा तोंड पुसलं.

कॅन्टीनमध्ये या खेपेला ती बाकावर चढली नाही. खालीच उभी राहिली. "मागे मी ब्याऐंशी म्हटलं होतं," तिने सुरुवात केली. "ते चुकलं होतं. आकडा एकशे सोळा आहे." आणि मग सगळं सांगितलं, दहा महिने आणि बारा महिने, मंजुऱ्या, आणि त्यांतल्या तिच्या शिस्तीच्या किती. कुणी टाळी वाजवली नाही. कुणी हसलंही नाही. त्यापेक्षा हसले असते तर बरं होतं.

"पगारातून किती जाणार ते बोला," मागून एकजण.

"आहे तसा ठेवला तर दुप्पट. को-पेने घेतला तर दीडपटीहून थोडं जास्त."

"आणि आईवडील काढले तर?"

 "जवळजवळ काहीच नाही."

मग कॅन्टीन फुटलं. ज्यांचे आईवडील गेले होते ते एकीकडे, ज्यांचे गावाकडे धडधाकट होते ते दुसरीकडे. दुसरा एक तरुण फिटर उठला. लग्न ठरलेला, डोक्यात फक्त हप्ते. "माझे आईबाप कधी डॉक्टरकडे गेले नाहीत. मी कुणाच्या डायलिसिसचे पैसे का भरू? एकट्या एका म्हातारीपायी अख्ख्या कारखान्याचा रेशो चढलाय. ती आटोपली की आपोआप उतरेल की."

वेल्डर तिथेच होता. त्याने मान वर केली नाही.

वकीलीणबाई फिटरच्या समोर जाऊन उभी राहिली. हात उचलेल असं सगळ्यांना वाटलं. तो मागे सरकला. "तुझ्या बायकोचं पहिलं बाळंतपण याच विम्यातून होणार ना?" ती म्हणाली. "त्या वर्षी याच्या आईच्या जागी तुझी बायको रेशो चढवेल. मग आम्ही काय म्हणायचं? सांग. तूच सांग, काय आटोपू दे म्हणायचं?"

फिटरचं तोंड उतरलं. "तसं नाही हो बाई…"

"तसंच आहे. बस खाली."

पेंटर उठला. आईबाप दोघेही केव्हाच गेलेले. "को-पेवालं करा," तो म्हणाला. "मी भरतो. माझ्या बापाच्या वेळी हा विमा नव्हता." एवढंच बोलून तो बसला. पण त्याच्यानंतर बाकीच्यांचे हात एकेक करून वर आले. ते मोजले. को-पेवाल्या वाटेला थोडे जास्त निघाले. फार जास्त नव्हे.

वेल्डर हात वर करायचंच विसरला होता. गर्दी पांगल्यावर तो तिच्याजवळ आला. त्याच्या हातात चहा नव्हता.

"ताई, म्हणजे दर खेपेला पाचवा हिस्सा मी द्यायचा."

"हो."

"आठवड्यात तीन खेपा."

"हो."

तो बुटाच्या टोकाने फरशीवरचा ठिपका घासत राहिला. "डॉक्टरांना विचारून बघतो. दोनदा केलं तर चालेल का म्हणून."

 विमा कंपनीतल्या त्या बाईने को-पेचं गणित मांडताना म्हटलं होतं, वाटा स्वतःचा असला की लोक जपून वापरतात. जपून म्हणजे हे.

"हे विचारायचं नाही," ती म्हणाली. "ऐकतोयस? हे तोंडातून काढायचं नाही. तुझं सेंटर एका खेपेचे किती घेतं?"

त्याने सांगितलं.

"महाग आहे. रस्त्यापलीकडचं धर्मादायवालं कमी घेत असेल. तिथलं बिल कमी, म्हणजे तुझा पाचवा हिस्साही कमी. आणि पुढच्या वर्षी…" ती थांबली. पुढच्या वर्षीचं तिला काही बोलायचं नव्हतं. "उद्या सुट्टी टाक. मी पण टाकते. जाऊन रेट विचारू."

"तुमची रजा कापतील, ताई."

"कापू दे."

"आणि तिथं भांडू नका हं. आईला तिथं कायम जायचंय."

"भांडायला जीव कुठाय आता," ती म्हणाली आणि रिकाम्या बाकावर बसली. "नीटच विचारीन. हात जोडून विचारीन. तेही शिकावं लागेल, पण विचारीन."